भर दुपारी उन्हातल्या शाळेचे चित्र : इमारत, ओसरी, मैदान आणि माणसांचे माप जुळवण्याची रीत

शाळेच्या इमारतीचे बाहेरून दिसणारे चित्र काढायला घेतले की बहुतेक नवशिक्यांचे चित्र दोन ठिकाणी बिघडते. इमारत नीट उभी राहते, पण मुले तिच्याशी जुळत नाहीत. कुठे दार किल्ल्याच्या दरवाजाएवढे वाटते, कुठे ओसरीत उभ्या असलेल्या बाईंचे डोके छताला टेकते. दुसरा बिघाड उन्हाचा असतो. चित्रात भर दुपार अपेक्षित असते आणि सावल्या मात्र संध्याकाळसारख्या लांब पसरलेल्या असतात. या दोन्ही गोष्टी हाताच्या कौशल्याच्या नसून मोजमापाच्या आहेत, आणि एकदा माप हाती आले की पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

हा लेख पाठ्यपुस्तके, बालसाहित्य किंवा ॲनिमेशनची पार्श्वभूमी यांसाठी चित्रे काढू लागलेल्यांना समोर ठेवून लिहिला आहे. उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली जिल्हा परिषदेची एकमजली शाळा घेऊ. तिची लांब बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि त्या बाजूला खांबांची ओसरी आहे. पूर्वेला दोन खोल्यांची आडवी बाजू जोडलेली असल्यामुळे मध्ये अंगण तयार झाले आहे, अंगणात ध्वजस्तंभ आहे आणि दक्षिणेला मोकळे मैदान. वेळ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली, मधल्या सुट्टीची.

१. आधी काय जमवावे

सामान थोडेच लागते:

- ३८ × २८ सेंटिमीटरच्या आसपासचा जाड कागद, आडवा धरलेला
- लांब पट्टी, काटकोन, एचबी आणि टूबी पेन्सिल
- पाच मीटरची मोजपट्टी आणि खडू
- मोबाइलमधले होकायंत्र
- जलरंग किंवा पोस्टर कलर

प्रत्यक्ष शाळेत जाऊन मोजमाप घेणार असाल तर मुख्याध्यापकांच्या नावे एक साधा अर्ज आणि स्वतःचे ओळखपत्र सोबत ठेवावे. अर्जात किती वेळ थांबणार, काय मोजणार आणि चित्र कशासाठी हवे आहे हे स्पष्ट लिहावे. मुलांची छायाचित्रे काढू नयेत. मुलांच्या उंचीचा अंदाज हवा असेल तर वर्ग भरलेले असताना रिकाम्या ओसरीत खांबावर खडूने खुणा करून घेता येतात, आणि काम झाल्यावर त्या पुसून टाकाव्यात.

मोजायच्या गोष्टी मोजक्याच आहेत : जोत्याची उंची, दाराची उंची, खिडकीखालच्या भिंतीची उंची, छज्जाची खालची कड जमिनीपासून किती वर आहे, ओसरीची खोली आणि दोन खांबांमधले अंतर. आपल्या उदाहरणात जोते तीन पायऱ्यांचे, म्हणजे ४५ सेंटिमीटर आहे. ओसरीच्या फरशीपासून दार २.१ मीटर, छज्जाची कड २.४ मीटर वर, ओसरी २ मीटर खोल आणि खांब ३ मीटरच्या अंतराने आहेत. छज्जा खांबांच्या पुढे ६० सेंटिमीटर आलेला आहे.

२. उभे कुठे राहावे

चित्र बघणारा माणूस अंगणात, ओसरीच्या जोत्यापासून ३ मीटर अंतरावर, पूर्वेकडे तोंड करून उभा आहे असे धरा. मग लांब ओसरी डावीकडून आत आत जाईल, समोर आडवी बाजू दिसेल आणि उजवीकडे मैदान उघडे राहील.

ही जागा निवडण्यामागे एक ठोस कारण आहे. दुपारी सूर्य बरोबर दक्षिणेला येतो, म्हणजे या चित्रात तो नेमका आपल्या उजव्या हाताला असतो. त्यामुळे सगळ्या सावल्या डावीकडे पडतात आणि कागदाच्या खालच्या कडेला अगदी समांतर राहतात. सावल्यांसाठी वेगळा लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, शोधावा लागत नाही. पहिल्याच चित्रात इमारतीसमोर उभे राहून उत्तरेकडे बघण्याचा मोह होतो, पण तिथे ऊन पाठीमागून येते, सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि इमारत सपाट पुठ्ठ्यासारखी दिसू लागते.

दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही इथेच लक्षात घ्यावे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरलेली आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. जानेवारीच्या शेवटी पुण्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर पावणेएकच्या सुमारास येतो. बारा वाजता जाऊन छायाचित्र घेतले आणि सावल्या समांतर का नाहीत असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर या पाऊण तासात आहे.

३. क्षितिजरेषा आणि दहा भागांची पट्टी

हा भाग सावकाश वाचावा, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आहेत असे ठरवा. कागदाच्या खालच्या कडेपासून ११ सेंटिमीटरवर एक आडवी रेषा काढा, ही क्षितिजरेषा. तिच्यावर डाव्या कडेपासून २४ सेंटिमीटरवर लोपबिंदू घ्या, म्हणजे चित्रकलेच्या वर्गात ज्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात तो. जमीन सपाट असेल तर चित्रात कुठल्याही ठिकाणी जमिनीपासून क्षितिजरेषेपर्यंतची उभी उंची १.५ मीटरच असते, मग ती जागा जवळ असो वा लांब. जवळ ती उंची कागदावर १० सेंटिमीटर भरेल आणि लांब अडीच सेंटिमीटर, पण प्रत्यक्षात ती तेवढीच.

आता या उंचीचे दहा सारखे भाग करा. प्रत्येक भाग १५ सेंटिमीटरचा होतो, आणि आपल्या शाळेच्या पायरीची उंचीही तेवढीच आहे. त्यामुळे सगळी इमारत पायऱ्यांच्या भाषेत मोजता येते. जोते ३ भाग. खिडकीची खालची कड फरशीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर जमिनीपासून ९ भाग, म्हणजे क्षितिजरेषेच्या किंचित खाली. दाराची वरची कड जोत्यासह १७ भाग. छज्जाची कड १९ भाग. हात धुण्याच्या नळांची रांग साधारण ४ भाग. सहा मीटरचा ध्वजस्तंभ ४० भाग.

कोणतीही वस्तू काढायची असेल तेव्हा आधी तिचा पाया जमिनीवर ठरवावा, त्या पायापासून क्षितिजरेषेपर्यंतचे अंतर मोजून दहाने भागावे आणि मिळालेल्या भागात वस्तूची उंची मोजावी. ही रीत अंगवळणी पडली की दार चुकत नाही आणि माणूसही चुकत नाही.

४. ओसरीचे खांब

पहिला खांब आपल्यापासून ५ मीटर पुढे आहे असे धरा. त्याच्याखालच्या जोत्याचा पाया क्षितिजरेषेच्या १० सेंटिमीटर खाली आणि लोपबिंदूच्या २० सेंटिमीटर डावीकडे येईल. तिथून लोपबिंदूकडे रेषा ओढली की जोत्याची जमिनीला टेकलेली कड मिळाली. त्याच जागी उभ्या रेषेवर ३ आणि १९ भागांच्या खुणा करून त्या लोपबिंदूशी जोडल्या की ओसरीची फरशी आणि छताची पातळी मिळते. छज्जाची बाहेरची कड मात्र खांबांच्या ६० सेंटिमीटर पुढे आहे, म्हणून ती पहिल्या खांबापाशी ४ सेंटिमीटर उजवीकडे सरकवून मग लोपबिंदूकडे न्यावी.

पुढचे खांब अंदाजाने काढण्यात बरेच जण फसतात. दुसरा आणि तिसरा बरे जमतात, पण नंतरचे खांब फार विरळ राहतात आणि ओसरी हवी त्यापेक्षा लांब वाटते. या कागदावर हिशेब सोपा ठेवला आहे : ५० ला खांबाच्या मीटरमधल्या अंतराने भागा, जे उत्तर येईल तितके सेंटिमीटर त्या ठिकाणची जमीन क्षितिजरेषेच्या खाली असेल. खांब ५, ८, ११, १४, १७ आणि २० मीटरवर आहेत. म्हणून जमीन अनुक्रमे १०, ६.२५, ४.५, ३.६, २.९ आणि २.५ सेंटिमीटर खाली येते. शेवटच्या तीन खांबांमधली जागा किती आवळत गेली आहे ते पाहा. डोळ्याला ती सुरुवातीला चुकीची वाटते, पण बरोबर आहे.

समोरची आडवी बाजू २० मीटरवर आहे. तिथे एक भाग फक्त अडीच मिलिमीटरचा असल्यामुळे त्या दारांची वरची कड जमिनीपासून सव्वाचार सेंटिमीटरवर येते. एवढ्या लहान जागेत फळ्या, कड्या, कुलपे काढत बसू नये. दार, खिडकी आणि भिंतीचा खालचा रंगीत पट्टा एवढे पुरेसे आहे.

५. मुले आणि शिक्षक

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, आपल्याच उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात. शाळेच्या चित्रात मात्र बहुतेक माणसे लहान आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. पहिलीतले मूल साधारण १.१ मीटर उंच असते, म्हणजे साडेसात भागांच्या आसपास. अंगणात उभे असताना ते पूर्णपणे क्षितिजरेषेच्या खाली राहते. पाचवीतले मूल नऊ भागांच्या आसपास भरते, तेही रेषेखालीच. १.६ मीटर उंचीच्या बाईंचे डोके तेवढे रेषेच्या थोडे वर जाते.

एक उदाहरण करून पाहू. आपल्यापासून ८ मीटरवर, अंगणात, पहिलीतली एक मुलगी आणि तिच्या बाई उभ्या आहेत. तिथे जमीन रेषेच्या ६.२५ सेंटिमीटर खाली, म्हणून एक भाग सव्वासहा मिलिमीटरचा. मुलगी ४.७ सेंटिमीटर, बाई ६.७ सेंटिमीटर. बाईंचे डोके चित्रात ९ मिलिमीटर, आणि मुलीचे? मोठ्या माणसाच्या प्रमाणात लहान करून काढले तर ते ६ मिलिमीटरवर येते आणि मुलगी बुटकी बाई दिसू लागते. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या मुलाचे डोके मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडेसेच लहान असते. त्याचे सगळे शरीर साडेपाच ते सहा डोक्यांचे असते, तर मोठ्यांचे साडेसात. म्हणून मुलीचे डोके ८ मिलिमीटरचे हवे. लहानपण दिसते ते मोठे डोके, अरुंद खांदे आणि आखूड पाय यांतून. नुसत्या कमी उंचीने ते दिसत नाही.

ओसरीत उभी असलेली माणसे हा दुसरा सापळा. ती जोत्यावर आहेत, त्यामुळे त्यांच्या उंचीत ३ भाग मिळवावे लागतात. पहिलीतले मूल अंगणात असताना रेषेखाली होते. ओसरीत चढले की त्याचे डोके रेषेच्या किंचित वर येते. बाई ओसरीत आल्या की क्षितिजरेषा त्यांच्या डोळ्यांऐवजी छातीखालून जाते. सगळ्यांचे डोळे एका रेषेत आणण्याचा नियम ऐकून जे ओसरीतल्या माणसांनाही त्याच रेषेवर बसवतात, त्यांची माणसे जोत्यात रुतलेली दिसतात. चित्र बिघडले आहे हे ओळखण्याची खूण म्हणजे त्या माणसाच्या पावलांची जागा : पावले फरशीवर आहेत की जोत्याच्या उभ्या बाजूवर, हे पट्टी लावून पाहावे.

मधल्या सुट्टीत ओसरीत खिचडीची पंगत बसलेली असेल. मांडी घालून बसलेले मूल फरशीपासून साधारण ४ भाग उंच असते, जोत्यासह ७. म्हणजे बसलेल्या मुलांची सगळी रांग क्षितिजरेषेच्या बरीच खाली, एकाच लोपबिंदूकडे निमुळती होत जाते. पायऱ्यांपाशी काढून ठेवलेल्या चपला अवश्य काढाव्यात. लहान मुलाची चपल एका भागापेक्षा थोडीच मोठी असते, आणि पायरीशेजारी ती दिसली की बघणाऱ्याला सगळ्या जोत्याची उंची आपोआप कळते.

६. सावल्या

जानेवारीच्या शेवटी पुण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५३ अंश वर असतो. त्या कोनात वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पाऊणपट पडते. आपल्या चित्रात सावल्या कागदाला समांतर असल्यामुळे हे प्रमाण कागदावरही तसेच लागू होते. ४.७ सेंटिमीटरच्या मुलीची सावली साडेतीन सेंटिमीटर, पावलांपासून डावीकडे, आडवी.

ध्वजस्तंभ आपल्यापासून साडेबारा मीटर पुढे आणि २ मीटर उजवीकडे आहे. त्याचा पाया क्षितिजरेषेच्या ४ सेंटिमीटर खाली येतो, उंची ४० भाग म्हणजे १६ सेंटिमीटर आणि सावली १२ सेंटिमीटर. ही सावली जोत्याच्या जेमतेम अलीकडे, प्रत्यक्षात अर्धा मीटर आधी, संपते. स्तंभ जोत्याच्या थोडा जवळ असता तर सावली जोत्याच्या पायाशी पोहोचून त्याच्या उभ्या बाजूवर सरळ वर चढली असती आणि मग फरशीवर पुन्हा आडवी झाली असती. अंगणात जोत्यालगत उभी असलेली मुले काढताना ही मोड विसरू नये. सावली जोत्यावरून सरळ रेषेत पुढे गेली की जोते सपाट होऊन जाते.

सूर्य ठिपका नसून त्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी दूर तितकी धूसर होत जाते, एका मीटरला सुमारे एक सेंटिमीटर या हिशेबाने. ध्वजस्तंभाच्या पायाशी सावली धारदार आणि गडद, पण टोकाशी ती पसरून इतकी फिकट होते की शेवटची वीतभर लांबी जवळजवळ दिसत नाही. कडुनिंबाखालच्या उन्हाच्या कवडशांचेही कारण हेच : पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी जमिनीवरचे कवडसे सूर्याच्या तबकडीसारखे गोल-लांबट पडतात.

७. ओसरीतले ऊन

छज्जाची कड फरशीपासून २.४ मीटर वर आणि खांबांच्या ६० सेंटिमीटर पुढे आहे. ५३ अंशांत येणारा किरण त्या कडेवरून खाली येताना १.८ मीटर आत सरकतो. त्यातून ६० सेंटिमीटर वजा केले की फरशीवर जोत्याच्या कडेपासून १.२ मीटर रुंदीचा उन्हाचा पट्टा मिळतो. ओसरी २ मीटर खोल, म्हणजे आतली ८० सेंटिमीटर फरशी आणि वर्गाची सगळी भिंत सावलीत. पंगत याच आतल्या भागात बसलेली दाखवावी. मुले दुपारी उन्हात बसत नाहीत. खांबांवरही छज्जाची सावली येते, वरच्या साधारण ८० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पाच भागांहून थोडी जास्त. खांबाचा वरचा तुकडा गडद आणि खालचा उजळ दाखवला की छज्जा पुढे आला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

८. रंग आणि उजेडाची पातळी

भर दुपारी चित्रातली सर्वांत उजळ जागा आकाश नसते. उन्हातली मुरमाची जमीन आणि चुन्याची भिंत आकाशापेक्षा उजळ असते, म्हणून आकाशाला एक हलका हात देऊन ते थोडे खाली आणावे. त्यानंतर क्रम असा : उन्हातली जमीन, उन्हातला खांब, आकाश, ओसरीतली सावलीतली भिंत, आणि सर्वांत गडद उघड्या दारातून दिसणारा वर्गाचा आतला भाग. या पाच पायऱ्या आधी एका लहान चिठ्ठीवर पेन्सिलीने भरून पाहाव्यात.

ओसरीतली सावली काळी करू नये. मोबाइलचा कॅमेरा उन्हाला सांभाळण्यासाठी ती काळी करतो आणि अनेकजण छायाचित्र पाहून तसेच रंगवतात. प्रत्यक्षात अंगणाच्या तांबूस जमिनीवरून उजेड वर फेकला जातो आणि ओसरीच्या छताची खालची बाजू, विशेषतः बाहेरच्या कडेजवळ, उबदार उजळते. उघड्या अंगणातल्या सावल्यांवर मात्र आकाशाचा उजेड पडतो, म्हणून त्या निळसर होतात. छताखाली गेरूची झाक आणि जमिनीवरच्या सावलीत निळी, एवढा फरक ठेवला तरी दुपार जिवंत होते. समोरच्या आडव्या बाजूची भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. पावणेएकला ऊन तिला फक्त घासून जाते, म्हणून ती मध्यम सावलीत ठेवावी.

९. मैदान

मैदान रिकामे सोडले की उजवी बाजू कागदासारखी दिसते, आणि खेळाच्या खुणा टाकल्या की तिथेही माप येते. खो-खोचा खांब जमिनीपासून १.२ मीटर, म्हणजे ८ भाग. दोन खांबांच्या मध्ये पाठीला पाठ न लावता, आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेली मुले काढावीत, आणि त्यांच्या पाऊणपट सावल्या डावीकडे.

पण मैदान अंगणाच्या पातळीतच आहे ना, हे आधी पाहावे. पुष्कळ शाळांत ते दोन पायऱ्या खाली असते. तसे असेल तर तिथली जमीन क्षितिजरेषेच्या १.५ नव्हे तर १.८ मीटर खाली असते, आणि जमीन ते रेषा या अंतराचे दहाऐवजी बारा भाग करावे लागतात. हे राहून गेले तर मैदानातली मुले अंगणातल्या मुलांपेक्षा मोठी दिसतात.

१०. महिना किंवा गाव बदलले तर

पाऊणपटीचे प्रमाण फक्त या दिवसांचे आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यातली माध्यान्हीची सावली उंचीच्या ०.९ पट असते आणि २१ मार्चच्या सुमारास ती एक तृतीयांशावर येते. तेव्हा ओसरीच्या फरशीवर उन्हाचा पट्टा जेमतेम वीतभर उरतो. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून भरलेल्या शाळेच्या चित्रात ती वापरू नये. जूनमध्ये शाळा उघडताना सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे ऊन पडलेच तर सावलीचा लहानसा तुकडा उजवीकडे जातो आणि दक्षिणेच्या ओसरीत माध्यान्ही ऊन शिरतच नाही. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथली माध्यान्ह पुण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी येते, आणि ते उत्तरेला असल्यामुळे जानेवारीतल्या सावल्या थोड्या लांब, उंचीच्या सुमारे ०.८ पटीहून किंचित जास्त, धराव्यात.